५९० रुपयांच्या दंडापायी सहा लाखांची पॉलिसी

प्रश्न : पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून मी साताऱ्याला परत आले, आता घरगुती डबे देते. जुनं पगाराचं खातं तसंच ठेवलं, डब्यांचे पैसे त्यातच येतात. सहा महिन्यांपासून दर महिन्याला ५९० रुपये कापले जाताहेत. मला एकही मेसेज आला नाही. विचारलं तर म्हणाले, तुमचं खातं साधं बचत खातं झालंय, सरासरी १०,००० ठेवावे लागतात. दरपत्रकात ‘तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांतलं जे कमी ते’ असं आहे. माझ्या खात्यात २,००० च्या खाली शिल्लक कधीच गेली नाही. मॅनेजर साहेबांनी सांगितलं की एक पॉलिसी घ्या, चार्ज माफ करून देतो. महिना ५,०००, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी हमखास साडेदहा लाख. पॉलिसी ८ तारखेला घरी आली, आज २५. कापलेले पैसे परत कसे मिळवू?

उत्तर : दंडाचं थोडं थांबू द्या, तो महिनाभराने मागितला तरी चालेल. पॉलिसीला मात्र तेवढा वेळ नाही.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे १७ दिवस गेले, १३ उरले. या मुदतीत परत केली तर भरलेल्या हप्त्यातून तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा होतो, बाकी पैसे मिळतात. मुदत टळली की पहिल्या वर्षात सोडताना जवळपास सगळं पाण्यात.

साहेबांचं ‘हमखास’ तपासून पाहू. तुम्ही भरणार सहा लाख, मिळणार साडेदहा लाख. ऐकायला पावणेदोन पट. पण पैसे अडकतात दहा ते पंधरा वर्षं. हिशेब केला तर वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास सुटतात. हेच ५,००० पीपीएफमध्ये दहा वर्षं भरून पंधराव्या वर्षापर्यंत ठेवले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर १२ लाखांच्या घरात जातात. विमा हवा असेल तर तो साध्या टर्म पॉलिसीत घ्या, हप्ता याच्या कितीतरी कमी.

आणि हप्ता जाणार कुठून? त्याच खात्यातून. तुमच्या खात्यात महिन्याच्या उत्तरार्धात दोन हजार उरतात आणि त्यातून पाच हजार ओढले जाणार. शिल्लक पुरली तर सरासरी आणखी खाली जाईल, नाही पुरली तर हप्ता बाउन्स झाल्याचा वेगळा चार्ज बसेल. सहा महिन्यांचे ३,५४० रुपये माफ व्हावेत म्हणून घेतलेल्या पॉलिसीने दंडाचं नवं कारण जन्माला घातलं! बँकेच्या कुठल्याही सेवेच्या बदल्यात विमा घ्यायला लावता येत नाही, आणि चुकीचा चार्ज माफ करणं हे साहेबांचं उपकार करणंही नव्हे.

तेव्हा आजच विमा कंपनीला ईमेल करा, बँकेला नव्हे. पॉलिसी क्रमांक, पॉलिसी मिळाल्याची तारीख, ‘फ्री लूक मुदतीत रद्द करत आहे’ हे एक वाक्य आणि कारण : जे तोंडी सांगितलं ते कागदावर नाही, आणि चार्ज माफीच्या बोलीवर ही विकली गेली. रद्द केलेला चेक जोडा. पोच मिळेपर्यंत पाठ सोडू नका. पुढचे दोन-तीन दिवस तुम्हाला फोन येतील, फार गोड बोलतील. ‘लेखी द्या’ म्हणा आणि ठेवून द्या. हप्त्याचा ऑटो डेबिटही स्वतंत्रपणे बंद करून घ्या.

आता दंड. रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. शिल्लक किमान रकमेखाली गेली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक भरायला किमान महिनाभर द्यायचा. त्यानंतरच दंड. तोही तुटीच्या प्रमाणात, सरसकट नाही. शिवाय नुसत्या दंडामुळे खातं उणे करता येत नाही.

तुमच्या पत्रातच तुमचा सगळ्यात बळकट पुरावा आहे. ५९० म्हणजे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. ६ टक्क्यांनी ५०० व्हायला तूट ८,३३३ हवी, म्हणजे महिन्याची सरासरी १,६६७ च्या आसपास किंवा त्याहून खाली. शिल्लक कधीच दोन हजाराखाली गेली नसेल, तर तूट ८,००० च्या वर जाऊच शकत नाही. मग जास्तीत जास्त दंड ४८०. एकाही महिन्यात पूर्ण ५०० बसत नाहीत.

खरा आकडा आणखी कमी निघेल. सरासरी म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकेची बेरीज भागिले दिवस. समजा, ३० दिवसांच्या महिन्यात पहिले १२ दिवस खात्यात ९,००० होते आणि किराणा-गॅसला काढल्यावर उरलेले १८ दिवस २,०००. बेरीज १,४४,०००, सरासरी ४,८००, तूट ५,२००. दंड ३१२, जीएसटी धरून ३६८. कापले ५९०. स्टेटमेंट काढून सहाही महिन्यांचं असं करा, तासाभराचं काम आहे.

मग शाखेला ईमेल. त्यात विचारा : खातं साधं बचत खातं कधी झालं आणि मला कसं कळवलं? तुटीची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर गेली? महिनावार सरासरी किती? सूचना दिल्याचं दाखवता आलं नाही, तर पूर्ण ३,५४० मागा, जीएसटीसकट. बँका ५०० परत करून ९० विसरतात. सूचना दाखवलीच, तर हिशेबातला फरक मागा. इथे एक गोष्ट आधी पाहून घ्या : बँकेकडे अजून कंपनीने दिलेला जुना नंबर तर नाही? मेसेज तिकडे गेले असतील, तर पहिली मागणी लंगडी पडते, दुसरी मात्र तशीच उभी राहते. ‘सदिच्छा म्हणून दोन महिन्यांचे देतो, इथे सही करा’ असं म्हणाले, तर ‘पुढे दावा नाही’ अशी ओळ आहे का ते वाचूनच सही करा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. बँकेला लेखी विचारल्याशिवाय थेट तिथे गेलात, तर तक्रार परत येईल. तक्रारीची तारीख आणि क्रमांक म्हणूनच जपा.

पैसे परत आल्यावरही हे खातं जसंच्या तसं ठेवू नका. सरासरी दहा हजार अडकवून ठेवणं तुमच्या धंद्याला परवडणारं नाही. याच बँकेत बेसिक बचत खातं मागा. त्याला किमान शिलकेची अट नसते. महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत असतं, आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. डब्याच्या ग्राहकांना दिलेला यूपीआयचा क्यूआर कोड खातं बदलायच्या आधी तपासा, नाहीतर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांचे पैसे अडकतील.