पीपीटीवरून आभारप्रदर्शन कसं लिहायचं?

प्रश्न: सांगलीतल्या आमच्या कॉलेजात शनिवारी हळदीवर एक दिवसाचं चर्चासत्र आहे. आभार माझ्याकडे आलेत. हातात फक्त कार्यक्रमाची 28 स्लाइडची पीपीटी आहे. त्यात कार्यक्रमपत्रिका आणि तीन वक्त्यांच्या स्लाइड आहेत. एवढ्यावरून मजकूर कसा तयार करू?

उत्तर:

पीपीटी चाळताना एक लक्षात ठेवा, त्यात काय घडणार आहे ते असतं, काय घडलं ते नसतं. म्हणून मजकूर आदल्या दिवशी लिहा, पण अर्धवट. प्रत्येक वक्त्यापुढे एक ओळ रिकामी सोडा.

सुरुवात कार्यक्रमपत्रिकेच्या स्लाइडवरून. तिच्यावरून फक्त नावं आणि पदं उतरवा, क्रम घेऊ नका. पत्रिका वेळेनुसार असते, आभार मानानुसार चालतात: अध्यक्ष, उद्घाटक किंवा प्रमुख पाहुणे, मग वक्ते सत्रांच्या क्रमाने, मग संस्थाचालक आणि प्राचार्य, प्रायोजक, शेवटी राबणारे हात. काही संस्थांत अध्यक्ष आणि प्राचार्यांच्या जागा वेगळ्या ठरलेल्या असतात, ते संयोजकांना एकदा विचारा. प्रायोजकांसाठी पहिली आणि शेवटची स्लाइड मोठी करून बघा. कोपऱ्यातला बारीक लोगो हमखास राहून जातो आणि त्याचे प्रतिनिधी नेमके पुढच्या रांगेत बसलेले असतात.

नावं बहुतेक इंग्रजीत असतील. तिथे ळ आणि ल, ण आणि न यांतला फरक दिसत नाही. Kale म्हणजे काळे की काले, Gole म्हणजे गोळे की गोले, हे स्लाइड सांगणार नाही. निमंत्रणपत्रिका मराठीत असेल तर तीवरून घ्या, नाहीतर सरळ त्या पाहुण्यांच्या सोबत आलेल्या माणसाला विचारा. माईकवर चुकलेलं आडनाव मागे घेता येत नाही.

आता खरं काम, वक्त्यांच्या स्लाइड. शीर्षक वाचून दाखवणं म्हणजे आभार नव्हेत. ‘हळद काढणीपश्चात प्रक्रिया या विषयावर मोलाचं मार्गदर्शन केलं’ हे वाक्य कुठल्याही वक्त्याला चालतं, म्हणजे ते कोणाचंच नसतं. प्रत्येकाच्या मधल्या स्लाइडमधून सभागृहात बसलेल्या शेतकऱ्याला घरी नेता येईल अशी एकच गोष्ट निवडा. आलेख आणि टक्केवारीच्या वाटेला जाऊ नका, वक्ते वेळेअभावी तीच स्लाइड पुढे ढकलतात.

समजा दुसऱ्या वक्त्यांच्या स्लाइडवर हळद शिजल्याच्या खुणा आहेत: फेस येणं, हळदीचा वास असलेली पांढरी वाफ, कंदात काडी सहज आरपार जाणं. मजकूर असा होईल: ‘हळद शिजली की नाही हे घड्याळापेक्षा काडी चांगलं सांगते, हे सरांनी आज आपल्याला दाखवलं. त्यांचे मनःपूर्वक आभार.’ तिसऱ्यांच्या स्लाइडवर हरिपूरच्या पेवांचा फोटो असेल, तर ‘जमिनीखालच्या पेवांत जिथे हळद साठवली जायची ते गाव आपल्या शेजारीच आहे, याची मॅडमनी आठवण करून दिली’ पुरे. पहिल्यांनी 2018 साली सांगलीच्या हळदीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनावर सांगितलं असेल, तर त्याची माहिती परत द्यायची नाही. मानांकनाचा वापरकर्ता म्हणून नोंदणी कशी करायची, हे त्यांनी सांगितलं एवढंच म्हणा. प्रत्येकी दोन वाक्यं, तिसरं आलं की आभारांचं व्याख्यान होतं.

रिकाम्या ओळी इथे कामी येतात. सत्र चालू असताना मागे बसून एकच गोष्ट नोंदवा: तुम्ही निवडलेला मुद्दा वक्ते बोलले का? बोलले नसतील तर तो खोडा आणि प्रश्नोत्तरांत निघालेला एखादा मुद्दा तिथे घाला. स्लाइडवर होता पण बोललाच गेला नाही असा मुद्दा तुम्ही वाचलात, तर आभार आधीच लिहून आणले होते हे सगळ्यांना कळतं. ऐनवेळी वक्ता बदलला तर तो अख्खा परिच्छेद गाळा. नुसतं नाव बदलू नका, मुद्दा जुन्याचाच राहतो.

पीपीटीत कधीच नसतात ती माणसं: ध्वनिव्यवस्था, चहा-जेवण, प्रोजेक्टर सांभाळणारा, नोंदणीच्या टेबलावरचे विद्यार्थी, शिपाई. ही यादी संयोजकांकडून घ्या. विद्यार्थ्यांचे आभार गटाने माना, दहा नावं घेऊन अकरावं राहिलं की रुसवा ठरलेला.

लांबी तीन मिनिटं, म्हणजे सावकाश बोलताना साधारण 300 शब्द. त्या वेळी लोकांचं निम्मं लक्ष दाराकडे असतं. ‘आभार मानतो’ प्रत्येक ओळीत येत असेल तर मोठ्याने वाचून बघा. मग ‘ऋणी आहोत’, ‘वेळ दिलात’, ‘मोलाची साथ लाभली’ अशी फिरवाफिरव सुचते. छापील कागद 16 च्या अक्षरात घ्या, मोबाइलवरून वाचताना पडदा नेमका नावापाशी मालवतो.

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी पत्रिकेची खालची ओळ बघा. आभारांनंतर राष्ट्रगीत असेल तर प्रमाणपत्रं कुठे मिळतील, चहा कुठे आहे हे त्याआधीच सांगून टाका. राष्ट्रगीत झालं की लोक निघतात, मग माईकवरून ओरडत बसावं लागतं.