मित्राकडे राहायला विचारायचं, पण त्याला नाही म्हणता आलं पाहिजे

प्रश्न: मी निपाणीचा. पुढच्या मंगळवारी हिंजवडीत आणि गुरुवारी खराडीत इंटरव्ह्यू आहे. कॉलेजचा एक मित्र वाकडला दोन रूम पार्टनरसोबत फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्याकडे राहायचं विचारायचंय, पण त्याला संकोच वाटू नये. कसं विचारू?

उत्तर:

आधी लॉज बुक करा, मग मित्राला विचारा. शब्द कितीही नरम वापरले तरी तुमची दुसरी सोय नाही हे त्याला कळलं की नाही म्हणणं अवघड होतं. आणि तिकीट काढून स्क्रीनशॉट पाठवलात तर ते विचारणं राहत नाही, कळवणं होतं. बुकिंग अ‍ॅपवर पैसे न कापता रद्द होणारी खोली घ्या आणि ती किती वाजेपर्यंत रद्द करता येते ते नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी ही मुदत चेक-इनच्या एक-दोन दिवस आधीच संपते, आणि मित्राला उत्तरासाठी द्यायची मुदत त्यावरूनच ठरते. सोमवारची खोली रविवारी दुपारपर्यंत रद्द होत असेल तर त्याला शनिवार रात्रीपर्यंतचा वेळ द्या.

मग रात्री मोजा. तुमचा पहिला विचार सोमवार ते गुरुवार असा असेल. पण हिंजवडी पुण्याच्या पश्चिमेला आणि खराडी पूर्वेला. गुरुवारी सकाळी वाकडहून खराडीला जायचं म्हणजे ऐन गर्दीत अख्खं शहर ओलांडायचं. त्यापेक्षा बुधवारी सकाळी वाकड सोडा आणि ती एक रात्र खराडीजवळच्या लॉजवर काढा. गुरुवारी इंटरव्ह्यू झाला की बॅग घेऊन तिथूनच परतीची बस धरा. म्हणजे मित्राकडे मागायच्या रात्री दोनच, सोमवार आणि मंगळवार. तिघांच्या फ्लॅटमध्ये दोन रात्री आणि चार रात्री यांत फार फरक असतो, कारण सकाळची बाथरूमची पाळी सगळ्यांची एकाच वेळी असते.

रविवारी रात्रीच्या बसनं जाऊन सोमवारी पहाटे त्याची बेल वाजवू नका. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास निपाणीहून निघा. हायवेवर रुंदीकरणाची कामं चालू असली तर वेळ वाढतो. शिवाय स्वारगेटला उतरल्यावर संध्याकाळच्या गर्दीतून वाकड गाठायला तास-दीड तास सहज जातो. म्हणून पोचायची वेळ साडेसात-आठ सांगा. मंगळवारच्या इंटरव्ह्यूला पहाटे उतरून थेट जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

फोन करू नका, मेसेज करा. फोनवर माणूस विचार करायच्या आधीच 'ये की रे, त्यात विचारायचं काय' म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे हे वाक्य तोंडात तयारच असतं. पार्टनर काय म्हणतील, मालक पाहुण्याला चालवून घेतो का, हे त्याला फोन ठेवल्यावर आठवतं, आणि तोवर शब्द जाऊन बसलेला असतो. कॉलेजच्या ग्रुपवर तर मुळीच विचारू नका, चारचौघांत कुणी नाही म्हणत नाही. 'सोमवारी काय करतोयस?' अशी सुरुवातही टाळा. तो 'काही नाही' म्हणाला की अडकला.

मेसेज असा लिहा:

'अरे, मंगळवारी हिंजवडीत इंटरव्ह्यू आहे. सोमवार आणि मंगळवार, दोन रात्री तुझ्याकडे राहिलो तर चालेल का? सोमवारी रात्री साडेसात-आठला पोचेन, बुधवारी सकाळी नऊला निघेन. खाली झोपेन, चादर-पांघरूण आणतो, जेवण बाहेर करेन. पार्टनरना विचारूनच सांग. वाकडला लॉज बुक आहे, रविवारपर्यंत फुकट रद्द होतं, त्यामुळे जमत नसेल तर नुसतं "नाही" लिही, कारण सांगायची गरज नाही. शनिवारी रात्रीपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर लॉजवरच राहतोय असं धर.'

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. काही जणांना 'नाही' टाईप करणंसुद्धा जड जातं, आणि या वाक्यामुळे गप्प राहणं हेही चालणारं उत्तर होतं. मात्र ते लिहिल्यावर शुक्रवारी 'बघितलास का मेसेज?' असं विचारायचं नाही. 'पार्टनरना विचारूनच' हे शब्दही मुद्दाम आहेत. तिघांचं भाडं, तिघांचं घर, तेव्हा तिघांचं मत हवंच, आणि त्याला स्वतःला नको असेल तर नाही म्हणायला एक वाटही मिळते. तो फ्लॅटऐवजी कॉट बेसिसवर किंवा पीजीत राहत असता तर विचारण्याआधीच दहादा विचार करा म्हटलं असतं. तिथं पाहुण्याला बऱ्याचदा परवानगीच नसते, आणि लपवून ठेवलेला पाहुणा सापडला तर बोलणी त्याला बसतात. मुलींच्या पीजीत तर हे नियम आणखी कडक असतात.

एक गोष्ट या मेसेजमध्ये नाही, पण लागणार असेल तर आधीच लिहा: ऑनलाइन राउंड. बुधवारी सकाळी तासभर व्हिडिओ कॉल आहे म्हणजे तुम्हाला बंद खोली, वाय-फाय आणि बाकीच्यांची शांतता हवी आहे. झोपायच्या जागेपेक्षा ही मागणी मोठी आहे. ती ऐनवेळी काढलीत तर 'हो' म्हणालेल्या मित्राची त्याच्याच घरात पंचाईत होते. शक्य असेल तर हा कॉल लॉजवरूनच करा.

घरी अजून काही बोलू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. आई सहज म्हणून त्याच्या आईला फोन करेल, ती मुलाला सांगेल, 'आपल्या गावचं पोरगं लॉजवर राहणार होय?' आणि तुम्ही एवढी मोकळी ठेवलेली वाट बंद होईल. त्याचं उत्तर येईपर्यंत घरी 'लॉज बुक केलंय' एवढंच सांगा, ते खरंही आहे. कुंदा आणतो, करदंट आणतो असलं विचारतानाच लिहू नका. जायचं ठरलं तर न बोलता घेऊन जा.

आता उत्तर ओळखायचं कसं? खरा होकार तपशिलासह येतो: लोकेशन येतं, किल्ली कुणाकडे ते कळतं, सोसायटीच्या गेटवर काय सांगायचं ते तो आपणहून लिहितो. 'ये रे, बघू काहीतरी' किंवा 'आलास की फोन कर' असं आलं तर एकदाच विचारा, 'सोमवारी आठला घरी कुणी असेल का?' त्यालाही गोलमोल उत्तर आलं तर लॉज रद्द करू नका. 'लॉजच ठेवतो, तिथून कंपनी जवळ आहे' असं कळवा.

सरळ 'नाही' आलं तर लगेच उत्तर द्या, दोन वाक्यांत: 'बरं झालं सांगितलंस. लॉज आहेच.' उशिरा दिलेलं उत्तर रागावल्यासारखं वाटतं. त्यालाच जोडून 'मग तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?' असं विचारू नका, नाही म्हणून सुटलेल्या माणसाला ते पुन्हा कामाला लावणं आहे.

आणि मंगळवारी कंपनीनं 'बुधवारी दुपारी मॅनेजर राउंडला या' म्हटलं तर? इंटरव्ह्यूत हे बरेचदा घडतं. तरी ठरल्याप्रमाणे बुधवारी सकाळी नऊलाच बॅग घेऊन बाहेर पडा, राउंड आटोपला की तसेच खराडीला निघा. लॉजवाल्याला सकाळीच फोन करून रात्री उशिरा पोचेन म्हणून सांगून ठेवा.