बेंदराच्या मातीवर आठवड्याचं नियोजन

प्रश्न: बालवाडीत ३ ते ४ वर्षांची १२ मुलं आहेत. खेळातून शिकवायचं तर आठवडा कसा आखू? आणि निरीक्षणाच्या वहीत नेमकं काय लिहू?

उत्तर: आठवडाभर साहित्य एकच ठेवा. रोज नवी वस्तू आणली की मुलांचा वेळ तिची ओळख होण्यातच जातो, आणि कालच्यापेक्षा आज काय बदललं ते आपल्यालाही दिसत नाही. कोल्हापुरात बेंदराच्या सुमाराला घरोघरी मातीचे बैल येतात, म्हणून मी तेव्हा शाडू घेते.

प्रत्येकाला मोठ्या माणसाच्या मुठीएवढा गोळा, एक पाट आणि सगळ्यांत मिळून एक ओलं फडकं, बस्स. माती आदल्या दिवशी भिजवून मळा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा: तडकली तर पाणी कमी, बोटाला चिकटून राहिली तर जास्त.

सोमवारी नुसतं दाबणं, थापटणं. ‘काय केलंस?’ असं विचारूच नका. मंगळवारी पाटावर तळवा पुढेमागे फिरवून साप. बुधवारी दोन तळव्यांत गोळी; हे सापापेक्षा अवघड, कारण हात गोल फिरवावा लागतो. गुरुवारी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून शिंगं ओढायची. शुक्रवारी बैल. उद्दिष्ट एवढंच की काम तळव्याकडून बोटांकडे सरकावं. शर्टाचं बटण लावायला हीच चिमूट लागते. पाय आखूड आणि जाड ठेवायला सांगा. जोडायच्या जागी काडीने रेघा मारून पातळ चिखल लावला नाही, तर वाळल्यावर शिंगं गळतात आणि रडारड होते.

कुणी मातीला हातच लावत नसेल तर जबरदस्ती नको. त्याला काडी द्या, टोचू दे. पुष्कळदा बोट काडीमागून येतं.

आता वही. ‘छान खेळला’, ‘लक्ष नाही’ हे निरीक्षण नव्हे, तो आपला निकाल झाला. दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ: ‘बुध. आ. – डावा तळवा स्थिर, उजवा पुढेमागे. गोळी लांबट झाली. बघून म्हणाली, “ही काकडी.”’ यातून दोन गोष्टी कळतात. हात अजून गोल फिरत नाही, म्हणून गुरुवारी तिला शिंगांआधी पुन्हा गोळी द्यायची. आणि नाव वस्तू झाल्यावर आलं. या वयात बहुतेक मुलं आधी करतात, मग ओळखतात. ‘मी बैल करणार’ असं आधी सांगून करणं हळूहळू येतं. म्हणून नाव आधी आलं की नंतर, एवढं मी प्रत्येकाचं टिपतेच.

रोज बाराही मुलांचं लिहायला जाऊ नका, मग मुलांकडे बघणार कधी? रोज तिघांचं लिहा, दोन-दोन ओळी. गुरुवारपर्यंत सगळी होतात, शुक्रवार गैरहजर राहिलेल्यांसाठी उरतो.