जादा कामाला हात लावण्याआधी

पहिल्याच कंत्राटात तोंडी सांगितलेलं काम करून मोकळं होऊ नका. बिल अडकतं ते बहुतेक इथेच.

समजा, नकाशात पायाची खोली १.५ मीटर आहे. खाली माती भुसभुशीत निघाली आणि साइटवरचा इंजिनिअर म्हणाला, "२.१ पर्यंत जा." २ बाय २ मीटरचे २० खड्डे असतील, तर ४८ घनमीटर खोदाई वाढली. वर काँक्रीट पडलं की ती खोली कुणालाच मोजता येत नाही. मग बिल तपासणारा विचारतो, "आदेश कुठे आहे?"

म्हणून आधी कंत्राट उघडून बघा, बदलाचा आदेश द्यायचा अधिकार कुणाला आहे. साइटवर रोज भेटणाऱ्या माणसाला तो असेलच असं नाही. अधिकार असलेल्याला त्याच दिवशी लिहा: कुणी, कधी, काय सांगितलं, दर कोणता धरणार आणि मुदत किती वाढेल. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना कंत्राटात तोंडी आदेशाची लेखी खातरजमा दोन कामकाजी दिवसांत पोहोचवली आणि पुढच्या दोन कामकाजी दिवसांत लेखी नकार आला नाही, तर तोच लेखी आदेश धरला जातो. तुमच्या कंत्राटात असं कलम नसेल, तर सही येईपर्यंत थांबा.

काँक्रीटआधी संयुक्त मोजमाप घ्या, लेव्हल लिहा, दोघांच्या सह्या घ्या. मात्र मोजमापावरची सही म्हणजे मंजुरी नव्हे. नवे लोक इथेच फसतात. ती फक्त काम किती झालं हे सांगते, पैसे देणं लागतं असं नाही.

दरविश्लेषणाचं नंतर बघू.