पुरणपोळीत पुरण भरा, लेखात नको

तुझा पुरणपोळीचा लेख वाचला. पहिल्याच परिच्छेदात ‘पुरणपोळी रेसिपी’ सात वेळा आलंय. मोठ्यानं वाचून बघ, तिसऱ्या वेळी जीभ अडखळते. तिथूनच कापायला लाग. गुगल या भरताडाला स्पॅममध्येच धरतं, त्यामुळे शोधात पान वर जाण्याऐवजी खाली जाऊ शकतं.

हा शब्द शीर्षकात एकदा आणि सुरुवातीच्या दोन-तीन ओळींत एकदा पुरे. पुढचे शब्द विषयच आणतो. चणाडाळ किती शिजवायची, कट कधी काढायचा, गूळ घातल्यावर सैल झालेलं पुरण उलथनं उभं राहीपर्यंत कसं आटवायचं, पोळी लाटताना का फुटते, हे लिही. मग ‘पुरण पातळ झालं तर काय करायचं’ असं शोधणाराही तुझ्या पानावर येऊ शकतो. ‘पुरणपोळीचं’, ‘पोळ्या’ ही रूपं येतील तशी येऊ देत. आणि वेगळा शब्द हवा म्हणून ‘गुळपोळी’ लिहू नकोस बाबा, तो पदार्थच वेगळा!

महिन्याभरानं गुगलच्या Search Console मध्ये Queries उघड, लोकांनी काय शोधल्यावर तुझं पान दिसलं ते कळेल. तिथल्या ज्या शोधाचं उत्तर लेखात नसेल, त्यासाठी एक परिच्छेद वाढव.