संगणकावर चालणारा व्हिडिओ जुन्या टीव्हीवर का अडतो?

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लॅपटॉपवर छान चालतो. पेनड्राइव्हवरून २०१२च्या टीव्हीवर लावला की ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ असं येतं. फाइल एमपी४ आहे आणि टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतही एमपी४ चालतं असं लिहिलंय. मग अडतं कुठे?

एमपी४ हा नुसता डबा आहे. त्यात चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतींनी दाबून भरलेले असतात; या पद्धतींना कोडेक म्हणतात. माहितीपुस्तिका डब्याबद्दल बोलते, टीव्ही अडतो तो आतल्या कोडेकपाशी.

संगणकात चित्र उलगडण्याचं काम प्रोग्रॅम करू शकतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची नवी आवृत्ती टाकली की संगणकाला नवं कोडेक कळतं. टीव्हीत मात्र त्यासाठी खास चिप असते, आणि तिला येणारी कोडेक कारखान्यातच ठरून जातात. आजचे बरेच मोबाइल एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, या पद्धतीने चित्रण करतात. हे मानक २०१३ साली मंजूर झालं. तुमच्या टीव्हीची चिप त्याआधीची आहे, त्यामुळे तिथे एच.२६४ हवं.

आधी खात्री करून घ्या. मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून फाइल त्यात टाका. ‘Video’ खाली `HEVC` दिसलं तर निदान पक्कं. `AVC` दिसलं तर कोडेक एच.२६४च आहे, मग ‘Bit depth’, म्हणजे रंगांच्या छटा किती बिटांत साठवल्या आहेत ते, बघा. तिथे 10 bits असेल तरीही जुना टीव्ही अडतो, कारण त्याची चिप ८ बिटांचंच एच.२६४ उलगडते.

रूपांतरासाठी हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम वापरा. फाइल उघडून `Fast 1080p30` हा प्रीसेट निवडा. चित्र एच.२६४मध्ये येतं, ४के असेल तर १०८०पी होतं, सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ३० होतात आणि आवाज एएसी स्टिरिओ होतो. या पातळीचा व्हिडिओ त्या काळातल्या फुल एचडी टीव्हींना सहसा झेपतो. मात्र अख्खी फाइल लगेच लावू नका. `Range` मध्ये `Seconds` निवडून पहिल्या मिनिटाचाच तुकडा करा आणि टीव्हीवर लावून बघा. तो चालला की मग पूर्ण फाइल करा. मूळ फाइल जपून ठेवा, कारण पुन्हा दाबताना थोडा तपशील कायमचा जातो.

फाइलच्या नावातलं `.mkv` काढून `.mp4` लिहिलं तर काम होईल का?

नाही. एमकेव्ही हा एमपी४सारखाच दुसरा डबा आहे; नाव बदललं तरी आतलं काहीच बदलत नाही.

एका फाइलचं चित्र टीव्हीवर स्वच्छ दिसतं, पण आवाज अजिबात नाही. संगणकावर आवाज येतो.

ही तक्रार त्यातल्या त्यात सोपी. चित्र दिसतंय म्हणजे डबा आणि चित्राचं कोडेक टीव्हीला ओळखीचं आहे. मीडियाइन्फोत ‘Audio’ खाली बहुधा `DTS` हे आवाजाचं कोडेक दिसेल, आणि ते अनेक टीव्हींना उलगडता येत नाही. इथे हँडब्रेक नको, तो चित्रही पुन्हा दाबतो. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून चालवायच्या एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने चित्र जसंच्या तसं ठेवून फक्त आवाज बदलता येतो:

```
ffmpeg -i juni.mkv -map 0 -c copy -c:a ac3 -b:a 448k navi.mkv
```

`-c copy` म्हणजे सगळं जसं आहे तसं उचल; `-c:a ac3` म्हणजे आवाज तेवढा एसी३ या कोडेकमध्ये कर. चित्र दाबायचं नसल्यामुळे काम लवकर उरकतं आणि चित्राचा दर्जा कणभरही उतरत नाही.

दोन तासांचा व्हिडिओ एच.२६४मध्ये केला, पण पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही. जागा तर भरपूर आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, मग मोकळी जागा कितीही असो. पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करणं हा एक मार्ग आहे, पण त्यात आधीचं सगळं पुसलं जातं आणि काही जुने टीव्ही एनटीएफएस वाचत नाहीत. एक्सफॅट ही पद्धत त्यांना वाचता येण्याची शक्यता त्याहून कमी.

म्हणून मी फाइलच लहान करायला सांगेन. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. ४ जीबी तेवढ्या सेकंदांत वाटले की चित्र-आवाज मिळून सेकंदाला सुमारे ४.७ मेगाबिट वाट्याला येतात. हँडब्रेकच्या `Video` विभागात `Avg Bitrate` निवडून 4300, म्हणजे सेकंदाला ४.३ मेगाबिट, लिहा. आवाजाचे १६० किलोबिट धरूनही फाइल मर्यादेच्या आत राहते. मूळ मोबाइलची फाइल हाताशी असेल तर रूपांतर तिच्यावरूनच करा. आधीच दाबलेली फाइल पुन्हा दाबली तर अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी ठिपके दिसू लागतात.