सैल सॉकेटचा हेडफोन: दुरुस्ती की नवा, तोही हप्त्यावर?

प्रश्न: सर, मी सांगलीत घरी बसून मुलाखतींच्या रेकॉर्डिंगवरून टायपिंगचं काम करते. महिन्याला २२ हजारांच्या आसपास सुटतात. साडेआठ हजारांचा हेडफोन तीन वर्षांचा झालाय. त्याची वायर वेगळी निघते, पण आता पिन हलवली तरच आवाज येतो. दुरुस्तीवाला म्हणतो कानाच्या कपातलं सॉकेट सैल झालंय, ६०० रुपये होतील. कंपनीवाले म्हणतात नवाच घ्या. १५ हजारांचा नवा नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

उत्तर: नवा घेऊ नका, दुरुस्त करून घ्या. पण ६०० रुपये देण्याआधी दोष खरंच सॉकेटचा आहे का, हे घरीच बघा. त्याला जवळजवळ काही खर्च नाही.

आधी बॅटरीच्या उजेडात सॉकेटच्या तोंडात डोकवा. तळाशी कापसासारखी धूळ दाबून बसली असेल तर पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिकने ती हळूच काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतल्या पत्र्या वाकतात. मग दुसरी वायर लावून पाहा, शक्यतो कुणाची मागून आणलेली. मात्र कपाकडची पिन २.५ मिलिमीटरची आहे की ३.५ची, ते आधी पाहा. काही कंपन्यांच्या सॉकेटचं तोंड इतकं अरुंद असतं की बाजारातली जाड मुठीची पिन आत बसतच नाही. योग्य वायरीने आवाज नीट आला तर दोष वायरीचा, आणि खर्च फक्त वायरीचा.

दुसऱ्या वायरीनेही तेच झालं तर पिन आत ठेवून ती हलकेच बाजूला दाबा आणि सॉकेटकडे पाहा. पिनेबरोबर सॉकेटच हलत असेल तर आतल्या छोट्या पट्टीवरचं सोल्डर तडकलंय किंवा सॉकेट धरणारा प्लॅस्टिकचा खुंटा तुटलाय. सॉकेट जागेवर घट्ट आणि पिनच आत लडबडत असेल तर पत्र्यांची पकड गेली. तिथे नुसतं सोल्डर करून भागणार नाही, सॉकेट बदलावं लागेल. तुमच्या कामाच्या दृष्टीने एक खूण सांगतो: कधीकधी आवाज पोकळ होतो आणि नेमका बोलणाऱ्याचाच आवाज गायब होतो. असं झालं तर दोन्ही कानांची सामाईक तार सुटते आहे, स्पीकर बहुधा शाबूत आहेत.

आता पैशांचं बघू. १५ हजारांचा हेडफोन चार वर्षं टिकला असं धरलं, तर तो महिन्याला साधारण ३१० रुपयांना पडतो. म्हणजे ६०० रुपयांच्या दुरुस्तीने दोन महिने काढले तरी पैसे वसूल, पुढचा प्रत्येक महिना नफ्याचा. सोल्डर नीट बसलं तर दोन महिन्यांहून कितीतरी जास्त टिकतं.

नो-कॉस्ट हप्त्यात व्याज नसतं असं नाही. दुकानदार व्याजाएवढी सूट देतो आणि बँक व्याज लावते. वर्षाला १६ टक्के दर धरला तर सहा महिन्यांचं व्याज ६७६ रुपये होतं. ते सुटीत भागतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२२ रुपये, तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. असे साडेतीनशे वर जातात, आणि सहा महिने दरमहा २,५०० रुपये अडकतात ते वेगळेच. काम महिन्यागणिक कमी-जास्त होणाऱ्या माणसाला हप्ता चुकण्याचा धोका मला या साडेतीनशेपेक्षा मोठा वाटतो.

दुरुस्तीत जोखीम आहे ती कप उघडताना. कानाची गादी काढली की तिच्याखाली स्क्रू असतात, आणि स्पीकरच्या तारा केसासारख्या बारीक. कप झटक्याने ओढला तर त्या तुटतात. म्हणून मोबाइलचे चार्जिंग सॉकेट रोज बदलणाऱ्याकडेच द्या, आणि तार तुटली तर कोण भरून देणार हे आधी ठरवा. तसंच सॉकेट मिळालं नाही तर वायर थेट आत सोल्डर करून घ्या. ओढ सांध्यावर येऊ नये म्हणून आत गाठ मारायला सांगा. वायर वेगळी काढता येणार नाही, पण टायपिंगला त्याने काही अडत नाही.

हे सगळं या आठवड्यातच करा. पिन हलवत काम रेटलं तर पट्टीवरचं तांबं उचकटतं, आणि मग ६०० मध्ये काम होत नाही. दुरुस्ती चालू असताना काम थांबू नये म्हणून पाचशेच्या आत एक साधा वायरवाला इयरफोन घेऊन ठेवा.

नव्या हेडफोनसाठी बँकेत दरमहा १,२५० रुपयांचं वर्षभराचं आरडी सुरू करा. वर्षात १५ हजार जमतील. दुरुस्तीनंतर सहा महिन्यांच्या आत सॉकेट पुन्हा सैल झालं तर दुसऱ्यांदा दुरुस्तीला पैसे घालू नका. आरडीत जमलेल्या पैशांत बसेल असा हेडफोन रोखीने घ्या.